वकिलाचं एंगेजमेंट लेटर अशिलाला कसं समजावून सांगायचं: नवीन ज्युनिअर, पॅरालीगल आणि ऑफिस स्टाफसाठी

वकिलाच्या ऑफिसात नवीन लागलात की लवकरच एक काम तुमच्याकडे येतं. साहेब किंवा मॅडम म्हणतात, अशील बाहेर बसलेत, त्यांना लेटर समजावून सही घ्या. लेटर चार-पाच पानांचं असतं, अशील घाईत असतो, तो म्हणतो सही कुठे करायची ते दाखवा, आणि तुम्ही दाखवता. मग सहा महिन्यांनी तोच माणूस बिल हातात घेऊन येतो आणि म्हणतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि खरंच कोणी सांगितलेलं नसतं. ते कसं सांगायचं हे एकच प्रकरण धरून लिहितोय, सगळे प्रकार घेत बसलो तर गोंधळ होईल.

प्रकरण असं धरू. एका छोट्या कंपनीने दुसऱ्या कंपनीला मशीन विकलं, शेवटचा हप्ता मिळाला नाही, आता वसुलीसाठी वकील नेमायचाय. फी तासावर आहे आणि सुरुवातीला ॲडव्हान्स भरायचाय. आकडे मी पैशात न देता तासात देतोय म्हणजे कुठल्याही ऑफिसच्या रेटला लावता येतील.

आधी एक गैरसमज काढून टाका

बऱ्याच अशिलांना वाटतं वकीलपत्रावर सही केली म्हणजे सगळं ठरलं. वकीलपत्र हे कोर्टासाठी असतं, हा वकील माझ्या वतीने उभा राहील एवढंच ते कोर्टाला सांगतं. फी किती, काम कुठपर्यंत, मधेच सोडलं तर काय, हे वकील आणि अशील यांच्यातलं ठरलेलं एंगेजमेंट लेटरमध्ये असतं. दोन्ही कागद वेगळे, दोन्ही संपवायची पद्धतही वेगळी, आणि हा फरक शेवटी टर्मिनेशनला फार महत्त्वाचा ठरतो म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवा.

अजून एक. तुम्ही त्याच वकिलाच्या ऑफिसचे असाल तर सही करा किंवा करू नका असा सल्ला तुम्ही द्यायचा नाही, कारण या एका कागदापुरते वकील आणि अशील समोरासमोरच्या बाजूला आहेत. काय लिहिलंय ते सांगायचं, आणि हवं असेल तर घरी न्या, दुसऱ्या वकिलाला दाखवा, हे मोकळेपणाने म्हणायचं. "हे आमचं स्टँडर्ड आहे, सगळेच करतात" हे वाक्य तर तोंडात येऊच देऊ नका, त्याने अशिलाचे प्रश्न बंद होतात आणि ते नंतर बिलाच्या वेळी उघडतात.

पायरी 1: अशील नक्की कोण ते बघा

पहिल्या परिच्छेदात नाव असतं. आपल्या प्रकरणात तिथे कंपनीचं नाव आहे की मालकाचं की दोघांचं? कंपनीचंच असेल तर वकील कंपनीचा, मालकाचा वैयक्तिक वकील नाही, उद्या मालक आणि त्याच्या पार्टनरमध्ये वाजलं तर हा वकील मालकाच्या बाजूने बोलणार नाही. आणि शेवटच्या पानावर सहीच्या जागी "वैयक्तिक हमीदार" असा शब्द असेल तर कंपनीने फी दिली नाही तर मालकाच्या खिशातून जाणार. हे दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका आणि पुढे चला.

पायरी 2: स्कोप वाचा, पण शेवटाकडून

माझ्या मते अख्ख्या लेटरमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा, लोक मात्र थेट फीच्या पानावर उडी मारतात. फीचा आकडा कशासाठी आहे हेच माहीत नसेल तर तो आकडा स्वस्त की महाग हे कसं कळणार.

आपल्या लेटरमधलं कलम साधारण असं आहे: "पुरवठा करारातील थकीत रकमेच्या वसुलीसाठी कायदेशीर नोटीस देणे, तडजोडीची बोलणी करणे आणि गरज पडल्यास प्रथम न्यायालयात दावा दाखल करून निकालापर्यंत चालवणे. यात अपील, हुकूमनाम्याची अंमलबजावणी, प्रतिदावा आणि करविषयक सल्ला यांचा समावेश नाही."

अशिलाला विचारा, तुमच्या दृष्टीने हे काम कधी संपलं? तो म्हणणार पैसे खात्यात आले की. आता लेटर काय म्हणतं? निकालापर्यंत. इथेच पेन ठेवा आणि सावकाश समजवा की निकाल म्हणजे कोर्टाने सांगितलं समोरच्याने एवढे द्यावेत. त्याने आपणहून दिले तर उत्तम, नाही दिले तर हुकूमनाम्याची अंमलबजावणी म्हणजे खातं किंवा मालमत्ता जप्त करण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळं काम, आणि या लेटरप्रमाणे वेगळी फी. म्हणजे अशिलाला जे हवंय आणि वकील जे कबूल करतोय त्यात एक अख्खा टप्पा राहतोय. यात वकिलाने काही फसवलेलं नाही, असा स्कोप ठेवणं चालतं, पण अशिलाला ते सहीच्या आधी कळायला हवं.

दुसरा शब्द प्रतिदावा. समोरची कंपनी काय म्हणणार हे आत्ताच सांगता येतं, म्हणणार मशीन खराब निघालं, आमचंच नुकसान झालं, ते भरून द्या. विक्रीच्या वसुलीत हे इतक्या वेळा होतं की प्रतिदावा स्कोपच्या बाहेर ठेवणं म्हणजे अर्धी लढाई बाहेर ठेवणं. त्यामुळे अशिलाने वकिलाला सरळ विचारावं, प्रतिदावा आला तर तुम्हीच बघणार ना, आणि त्याच रेटने की वेगळं लेटर? उत्तर काहीही असो, ते लेखी यायला पाहिजे.

स्कोप वाचायची सोपी पद्धत सांगतो. एका कोऱ्या कागदावर प्रकरणाचे टप्पे ओळीने लिहा: नोटीस, बोलणी, दावा, प्रतिदावा, साक्षीपुरावे, निकाल, अपील, अंमलबजावणी. प्रत्येकासमोर आत, बाहेर किंवा स्पष्ट नाही असं लिहा. जे स्पष्ट नाही तेच वकिलाला विचारायचं. "व अनुषंगिक कामे" असे शब्द दिसले की ते स्पष्ट नाही मध्ये टाका, कारण अशील त्यात सगळं धरतो आणि ऑफिस त्यात फारसं काही धरत नाही.

पायरी 3: फी, आणि इथे कॅल्क्युलेटर काढा

तासाच्या फीमध्ये एक रेट नसतो. आपल्या लेटरमध्ये सिनिअरचा रेट ज्युनिअरच्या दुप्पट आहे, म्हणजे सिनिअरचा 1 तास हा ज्युनिअरचे 2 तास. सोयीसाठी सगळं ज्युनिअरच्या तासात मोजू.

ॲडव्हान्स आहे 20 तासांचा. पुढची ओळ आहे: "शिल्लक 8 तासांच्या खाली गेल्यास अशिलाने ती पुन्हा 20 तासांपर्यंत भरावी." अशील हे वाचतो आणि त्याच्या डोक्यात बसतं की केस 20 तासात होणार. तसं अजिबात नाही, आणि हे नुसतं सांगून कळत नाही, मांडून दाखवावं लागतं. नोटीसच्या टप्प्यात ज्युनिअरने 5 तास दिले, सिनिअरने दीड तास, तो दुप्पट म्हणजे 3, एकूण 8 गेले, उरले 12. समोरच्याचं उत्तर आलं, मशीन खराब असल्याचे रिपोर्ट जोडलेले, ते वाचायला ज्युनिअरचे 3 तास आणि सिनिअरचा 1 म्हणजे 2, गेले 5, उरले 7. हे 8 च्या खाली आलं, म्हणजे आता 13 तासांचे पैसे पुन्हा भरायचे. आणि दावा अजून दाखलही झालेला नाही! हे एवढं गणित अशिलासमोर केलं की तो पहिल्यांदा खरा प्रश्न विचारतो, मग निकालापर्यंत एकूण किती जाईल? तो प्रश्न वकिलाकडे न्या आणि टप्प्यानिहाय अंदाज लेखी मागा. अंदाज हा अंदाजच असतो, बांधील आकडा नसतो, हे पण त्याच वेळी सांगा, आणि अंदाजाच्या वर जायला लागलं तर आधी कळवाल का हे विचारायला सांगा.

मग बघा वेळ कशी मोजतात. लेटरमध्ये कुठेतरी बारीक लिहिलेलं असतं की वेळ 6 मिनिटांच्या किंवा 15 मिनिटांच्या तुकड्यात मोजली जाईल. 6 मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे. फरक किती पडतो ते बघा. एका दिवशी वकिलाने अशिलाचे चार ईमेल वेगवेगळ्या वेळी पाहिले, 3, 4, 5 आणि 2 मिनिटं. प्रत्यक्ष गेली 14 मिनिटं. प्रत्येक ईमेल वेगळा धरला तर 6 च्या हिशोबाने 24 मिनिटं लागतात, 15 च्या हिशोबाने पूर्ण 1 तास. अशिलाला यातून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे सुटे सुटे मेसेज पाठवू नयेत, चार प्रश्न एका ईमेलमध्ये टाकावेत. आणि बिलात प्रत्येक कामासमोर तारीख, कोणी केलं आणि किती वेळ हे दिसेल का ते लेटरमध्ये शोधा, "विविध कामे, 6 तास" अशी एकच ओळ आली तर तपासणार काय.

ॲडव्हान्सबद्दलच अजून एक शब्द सापडतो, नॉन-रिफंडेबल. इथे थांबाच. काम करून कमावेपर्यंत ॲडव्हान्स हा अशिलाचाच पैसा असतो असा विचार अनेक देशांच्या वकिली नियमांमध्ये आहे. भारतात बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकील काम सोडतो तेव्हा न कमावलेली फी परत करायची असते, अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांमध्येही काम संपताना न कमावलेला ॲडव्हान्स परत द्यायला सांगितलंय. वेगळी गोष्ट असते उपलब्ध राहण्याची फी, म्हणजे वकिलाने तुमच्यासाठी वेळ राखून ठेवली, समोरच्याचं काम नाकारलं, त्याची किंमत. ती खरंच ती आहे का, की साध्या ॲडव्हान्सला तो शब्द चिकटवलाय, हे वकिलाकडून स्पष्ट करून घ्यायला अशिलाला सांगा.

खर्च वेगळे असतात, हे पण अशील विसरतो. कोर्ट फी, तज्ज्ञाचा रिपोर्ट, प्रवास, कॉप्या, टॅक्स. आपल्या प्रकरणात मशीन तपासायला इंजिनिअर लागणार हे उघड आहे, तेव्हा तज्ज्ञ नेमायच्या आधी अशिलाची लेखी परवानगी लागेल अशी ओळ आहे का बघा. नसेल तर घालून मागायला हरकत नाही, वकील सहसा नाही म्हणत नाहीत.

काही देशांत वसुलीच्या टक्क्यांवर फी घेता येते. भारतात कोर्टाच्या निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा वसुलीत वाटा घ्यायला वकिलांना बंदी आहे, त्यामुळे भारतातल्या कोर्ट केससाठी असं लेटर हातात आलं तर तिथेच थांबून सिनिअरला दाखवा. जिथे चालतं तिथे दोन गोष्टी बघायच्या. टक्के खर्च वजा करायच्या आधीचे की नंतरचे? वसुली 100, खर्च 10, फी 30 टक्के धरली तर आधीच्या हिशोबाने फी 30 आणि अशिलाच्या हातात 60, नंतरच्या हिशोबाने फी 27 आणि हातात 63. आणि वसुली म्हणजे निकालातला आकडा की प्रत्यक्ष मिळालेले पैसे, कारण निकाल लागला आणि पैसे आलेच नाहीत तर अशील फी कुठून देणार.

पायरी 4: टर्मिनेशन, म्हणजे वेगळं व्हायची सोय

सुरुवातीलाच काडीमोडाची भाषा कशाला असं अशिलाला वाटतं, आणि तुम्हालाही अवघड वाटतं. तरी बोला, कारण हे कलम दोन्ही बाजूंनी चालतं आणि दोन्ही बाजू सारख्या नसतात.

अशिलाची बाजू सोपी आहे. सर्वसाधारणपणे अशील वकील कधीही बदलू शकतो, कारण सांगावं लागत नाही, झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात. लेटरमध्ये किती दिवसांची नोटीस आणि ती कशी द्यायची, ईमेल चालतो का, एवढं बघा. "मधेच काढल्यास संपूर्ण फी देय राहील" अशी ओळ असेल तर ती अधोरेखित करून प्रश्नांमध्ये टाका, कारण ठरीव फीच्या लेटरमध्ये ती दिसते आणि तिचा अर्थ अशील वकील बदलू शकतो पण परवडणार नाही असा होतो. त्याऐवजी टप्प्याप्रमाणे फी ठरवून मागता येते, नोटीसपर्यंत इतकी, दाव्यापर्यंत इतकी.

वकिलाची बाजू जास्त बांधलेली असते. फी थकली, अशील कागदपत्रं देत नाही, खोटं सांगतो, हितसंबंधांचा पेच आला, अशी कारणं लेटरमध्ये असतात. पण पुरेशी नोटीस द्यावीच लागते, आणि केस कोर्टात सुरू असेल तर नुसत्या लेटरने सुटका होत नाही. इथे सुरुवातीचं वकीलपत्र परत येतं. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3 नियम 4 प्रमाणे वकीलपत्र एकदा दाखल झालं की कोर्टाच्या परवानगीने, लेखी सही करून कागद दाखल होईपर्यंत ते चालूच धरतात, किंवा मग अशील किंवा वकील वारला अथवा कामकाज संपलं तरच ते संपतं. म्हणजे अशिलाने ईमेल टाकून वकील काढला आणि कोर्टात काहीच दाखल केलं नाही तर कोर्टाच्या दृष्टीने जुनाच वकील उभा आहे, आणि तो आला नाही तर तारीख कोणाची गेली? अशिलाची. त्यामुळे काढण्याची नोटीस, कोर्टातला अर्ज आणि नवीन वकीलपत्र ही तिन्ही कामं एकामागोमाग व्हायला हवीत हे त्याला लिहून द्या.

फाईलचं काय? फी बाकी असली की फाईल अडकवून ठेवणं हा जुना झगडा आहे. काही देशांत वकिलाला बाकीसाठी कागद ताब्यात ठेवायचा हक्क मिळतो, काही ठिकाणी मर्यादित मिळतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सांगितलं की फी थकली म्हणून वकील अशिलाच्या केसची कागदपत्रं अडवून ठेवू शकत नाही, फीसाठी त्याचे वेगळे कायदेशीर मार्ग आहेत. लेटरमध्ये "संपूर्ण फी मिळेपर्यंत फाईल दिली जाणार नाही" असं छापलेलं असेल तर तुमच्या सिनिअरला दाखवा, जुना नमुना कोणीतरी तसाच कॉपी केलेला असण्याची शक्यता असते. तरीही अशिलाला सांगा की मूळ करार, पावत्या, डिलिव्हरीचे कागद यांच्या कॉप्या स्वतःकडे ठेवाव्यात आणि मूळ कागद देताना पोच घ्यावी.

हिशोब पण मांडून दाखवा. पुन्हा 20 तासांपर्यंत भरल्यावर 6 तासांचं काम झालं आणि अशिलाने वकील बदलला, तर शेवटचं बिल 6 तासांचं आणि 14 तासांचे पैसे परत. किती दिवसांत परत, ही ओळ बहुतेक लेटरमध्ये नसते, मागून घ्या.

आता एक गोष्ट जी जवळजवळ कोणी समजावत नाही. एंगेजमेंट आपोआपही संपते. आपल्या कलमात "निकालापर्यंत" आहे, म्हणजे निकालाच्या दिवशी वकिलाचं काम संपलं, आणि नेमकी त्याच सुमारास अपिलाची मुदत सुरू होते. भारतात मुदत कायदा 1963 प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करायला 90 दिवस आणि इतर न्यायालयात 30 दिवस मिळतात, इतर देशांत आकडे वेगळे. अशील हरला तर त्याला वाटतं वकीलसाहेब बघतील, वकिलाच्या मते काम संपलंय, आणि मधल्या मधे 30 दिवस निघून जातात. अशिलाच्या मनात वेगळं व्हायचं नसतानाही टर्मिनेशनचं कलम असं चावतं. एक ओळ घालून मागा: निकाल लागल्यावर अपिलाची शेवटची तारीख वकिलाने लेखी कळवावी. फुकटात मिळते ती ओळ, आणि ऑफिसलाही पुढच्या भानगडीतून वाचवते.

पायरी 5: समजलं का हे त्याच्याकडून ऐका

"समजलं ना?" ला सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा अशिलाला तीन प्रश्न विचारा आणि त्याच्या शब्दांत उत्तर येऊ द्या. समोरच्याने निकालानंतरही पैसे दिले नाहीत तर हे लेटर पुरेल का? शिल्लक 7 तासांवर आली तर तुम्हाला काय करावं लागेल? उद्या वकील बदलायचा ठरवलात तर पहिलं काय कराल? पहिल्याला तो हो पुरेल म्हणाला तर पायरी 2 वर परत जा, चिडू नका, हा शब्दांचा व्याप त्याच्या रोजच्या कामाचा नाहीये.

त्याच्या उत्तरांमधून निघालेले प्रश्न एका कागदावर लिहा, तारीख टाका आणि वकिलाला द्या. उत्तरं फोनवर आली असतील तर ईमेलने पक्की करून घ्या. आणि बदल ठरला तर तो लेटरमध्येच घाला, प्रतिदावा आत घेतला असेल तर "समावेश नाही" च्या यादीतून तो शब्द निघालाय का हे सहीच्या प्रतीत स्वतः तपासा. वर नवीन ओळ घातली आणि खाली जुनी यादी तशीच राहिली की दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. प्रत्येक पानावर दोघांच्या आद्याक्षरी सह्या, एक प्रत अशिलाच्या हातात, एक फाईलमध्ये, आणि प्रश्नांचा कागद त्याच्याच मागे टाचणी मारून.